धरलेला दिवस

मामंजी दिवस बोटांच्या पेरांवर मोजायचे. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवायचा आणि एक एक पेर वर चढत जायचं. एका बोटाला तीन, एका हाताला बारा. वांगणीच्या आमच्या वाडीत कोणी गेलं की लोक आधी त्यांच्याकडे यायचे. दहावा कधी, तेरावा कधी, सुतक कधी फिटतं, बाळंतिणीची बारावी कधी, हे सगळं ते अंगणात उकिडवं बसल्या बसल्या सांगायचे. कॅलेंडर त्यांना लागत नसे. भिंतीवर होतं एक, भाताच्या व्यापाऱ्यानं दिलेलं, पण त्याच्या खिळ्याला ते आपली टोपी अडकवायचे.

"कॅलेंडरात सणवार बघायचे," ते म्हणायचे. "दिवस हातात असतात."

मोजायची रीत एकच. माणूस ज्या दिवशी गेला तो दिवस धरायचा. तोच पहिला. मी सून म्हणून आले तेव्हा मलाही त्यांनी शिकवलं होतं. "धरायचा तो दिवस, सोडायचा नाय. सोडलास तर दहावा अकराव्याला होईल आणि जीव वाट बघत बसेल." मी चौथीपर्यंत शिकलेली, मला पाढे येत होते, पण हे पाढ्यांपेक्षा मोठं वाटायचं.

आमचं बिऱ्हाड बदलापूरला, शिरगावात होतं. चाळीतली शेवटची खोली, मागे मोकळं रान. हे अंबरनाथला कारखान्यात कामाला होते. लग्नानंतर चौथ्या वर्षी मुलगी झाली आणि त्यानंतर काही महिन्यांनी यांनी विमा उतरवला. कारखान्यातलेच एक गृहस्थ विम्याचं काम करायचे, त्यांनी फॉर्म भरून घेतला. संध्याकाळी घरी आल्यावर यांनी मला समोर बसवलं. मला हसूच येत होतं, कारण हे कधी असे समोर बसून बोलायचे नाहीत.

"हे बघ," ते म्हणाले, "मला काही झालं तर हे पैसे तुला मिळतील. मालक ही खोली विकायला तयार आहे. ती घ्यायची आणि इथंच राहायचं. वांगणीला माझ्या भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. पोरीला शाळेत घालायचं."

मी म्हटलं, "असलं संध्याकाळचं बोलू नये."

"मग सकाळी बोलतो," म्हणाले, आणि हसले.

वर्षातून दोनदा हप्ता असे. दहा मे आणि दहा नोव्हेंबर. पण तारखेला हप्ता भरलेला मला आठवत नाही. हे म्हणायचे, तारखेनंतर तीस दिवस सवलत असते, त्या दिवसांत पॉलिसी चालूच राहते, दंडही नाही. अर्धा कारखाना असाच भरायचा. एक पगार इकडचा, एक तिकडचा, मधे हप्ता. चार हप्ते असे भरून झाले, म्हणजे दोन वर्षं. पाचवा नोव्हेंबरात होता.

त्या नोव्हेंबरात यांना कावीळ झाली. आधी आम्ही वांगणीच्या बाजूच्या माणसाकडून मुळ्यांची माळ आणली. माळ जशी लांबते तशी कावीळ उतरते असं म्हणतात. माळ गुडघ्यापर्यंत आली आणि यांचे डोळे हळदीसारखेच राहिले. मग कारखान्यातल्या लोकांनी उल्हासनगरच्या दवाखान्यात नेऊन दाखल केलं. मी रोज सकाळी डबा घेऊन बदलापूरहून जायची आणि संध्याकाळी परत यायची. मुलगी दिवसभर शेजारच्या ताईंकडे असे. ताईंचे यजमान पोस्टात होते आणि ताई चाळीतल्या सगळ्यांना सल्ला द्यायच्या, मागितला तरी आणि न मागितला तरी.

दवाखान्यात पहिल्या आठवड्यात हे नीट बोलत होते. खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाले, "हप्ता राहिलाय. दहा नोव्हेंबरचा. पुढे तीस दिवस असतात, घाबरू नकोस. बाबांना निरोप दे, भात विकलं की पैसे घेऊन यायला सांग."

एवढंच बोलले. तीस कुठून सुरू करायचे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. कोणाला सुचलं असतं? तीस म्हणजे तीस.

विम्याचा कागद ट्रंकेत होता. तो इंग्रजीत होता. मी तो काढून बघितला आणि परत घडी घालून ठेवला. यांचं नाव तेवढं अक्षरांच्या ठेवणीवरून ओळखता आलं.

डिसेंबर लागला तसे हे जास्त झोपायला लागले. सात तारखेपासून हाक मारली तर डोळे उघडायचे, पण बघायचे माझ्या पलीकडे कुठेतरी. मी माझं नाव सांगायची. एकदा मला त्यांनी त्यांची आई समजून "आये, दार लाव" म्हटलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर काम करत नाही. तेव्हापासून त्यांना काही विचारायची सोय राहिली नाही.

मामंजी दहा तारखेला आले. गुरुवार होता. सकाळी नऊच्या गाडीनं उतरले आणि शिरगावापर्यंत चालत आले. मी डबा भरत होते. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, पैसे काढले आणि माझ्या पुढ्यात पाटावर ठेवले.

"व्यापाऱ्यानं काल रात्री दिले," म्हणाले. "दोन दिवस उद्या उद्या करत होता. आता हप्ता भरून येतो आणि मग पोराकडे जातो. हापीस कुठं हाय?"

मी सांगितलं, उल्हासनगरलाच, दवाखान्याच्या वाटेवर. ताई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आबा, तारीख केव्हाची होती? मुदत बघितलीत का?"

"दहा नोव्हेंबर. तीस दिवस," मी म्हटलं.

"मग बघतो की," मामंजी म्हणाले, आणि उंबऱ्यावर बसले. अंगठा करंगळीवर गेला. मी डब्याचं झाकण लावत होते. दहाला एक, अकराला दोन. पुटपुटत ते एक हात चढले, दुसरा हात चढले, परत पहिल्यावर आले. दोन हात आणि वर सहा पेरं. सहाव्या पेरावर अंगठा थांबला आणि ते तसेच बसून राहिले.

"काय झालं मामंजी?"

त्यांनी परत मोजलं. या वेळी सावकाश, मोठ्यानं. नऊ डिसेंबरला तीस.

"काल झाले गो," ते म्हणाले. "काल संपले तीस. आज एकतिसावा."

ताई म्हणाल्या, "असं कसं? परत मोजा."

"मी मोजतो तो चुकतो काय?" त्यांचा आवाज चढला. "वाडीत विचार कोणाला पण. आजवर कोणाचा दहावा चुकला नाय माझ्या हातून."

"दहाव्याचं सोडा हो आबा, तुम्ही ऑफिसात एकदा विचारून तरी या. वाटेवरच तर आहे."

"विचारून काय करू? खिडकीत पैसे दिले आणि ते बोलले, कालच मेली तुमची पॉलिसी, तर पैसे परत देतील काय? सरकारी हापीस हाय. शेताच्या सातबाऱ्याला मी चार खेपा घातल्या, माहीत हाय मला." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं ते मला विचारत होते. "पोराला औषध बाहेरून आणायला सांगतात ना डॉक्टर?"

मी हो म्हटलं. आदल्या दिवशीच चिठ्ठी दिली होती, सलाईनच्या बाटल्या आणि इंजेक्शनांची. ती माझ्या कमरेला खोचलेली होती.

"मग जिता हाय त्याच्यावर घालू," मामंजी म्हणाले. "मेलेल्या कागदावर कशाला."

त्यांचं काही चुकलं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "एक दिवसानं गेलं हो, काय नशीब." मीही तेच मनात म्हटलं.

आम्ही दोघं उल्हासनगरला उतरलो तेव्हा दुपारसुद्धा झाली नव्हती. स्टेशनाबाहेरून चालत निघालो. कापडाच्या दुकानांच्या रांगेनंतर एक दुमजली इमारत लागते, तिच्या वरच्या मजल्यावर विम्याचं ऑफिस होतं. जिन्यात माणसं उभी होती, रांग खालपर्यंत आली होती. मी बोट दाखवून म्हटलं, हेच ते. मामंजींनी वर बघितलं. "गर्दी बघ," म्हणाले. रांगेच्या शेवटी एक माणूस जिन्याच्या पायरीवर बसून शेंगा खात होता. त्याच्या अंगावरून आम्ही पुढे गेलो.

चिठ्ठीवरची औषधं घेतली. पैसे जवळजवळ सगळे त्यातच गेले.

शनिवारी हे शुद्धीवर आले. सकाळी मी तोंड पुसत होते तर त्यांनी माझा हात धरला आणि नीट माझ्याकडे बघितलं. "पोरगी कुठाय?" म्हणाले. मी म्हटलं, ताईंकडे. "खाते का?" मी म्हटलं, खाते. मला इतका आनंद झाला की मी मामंजींना हाक मारली, ते बाहेर ओट्यावर तंबाखू मळत होते. ते तसेच हात झाडत आत आले.

यांनी त्यांना बघितलं आणि पहिला प्रश्न तोच केला. "बाबा, हप्ता भरलात?"

मामंजी खाटेच्या लोखंडी कडीला धरून उभे होते. एक क्षणही त्यांनी घेतला नाही.

"भरला की. गुरुवारीच भरला. रांग होती ही एवढी, जिन्याच्या खालपर्यंत."

"पावती?"

"सुनेकडं हाय."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मग झालं," हे म्हणाले. डोळे मिटून घेतले आणि तोंडावर असं काहीतरी आलं जे मी त्या महिनाभरात बघितलं नव्हतं. पाठीवरून गोणी उतरवल्यावर माणूस जसा क्षणभर उभा राहतो तसं. थोड्या वेळानं म्हणाले, "खोलीला मागची खिडकी मोठी करून घे. वारा येईल."

मी परत मान हलवली.

बाहेर येऊन मामंजी ओट्यावर बसले. मी त्यांच्यापासून जरा दूर बसले, डोक्यावरचा पदर ओढून. ते म्हणाले, "तू काय बोलतेस? सांगू का त्याला जाऊन खरं?"

"नको."

"बरा झाला की सांगू. शिव्या घालील. घालू दे."

हे सोमवारी दुपारी गेले. डिसेंबरची चौदा तारीख. मी डबा उघडत होते, भाताची वाफ वर आली आणि त्यांनी श्वास घेतला तो परत सोडलाच नाही. मी बराच वेळ तो सुटायची वाट बघत राहिले.

वांगणीला नेलं. मामंजींनी स्वतःच्या मुलाचा दहावा मोजला. अंगणात सगळे बसले होते आणि कोणाचीच हिंमत होत नव्हती विचारायची, तर तेच म्हणाले, "आज धरायचा. आज पहिला. तेवीसला दहावा." अंगठा पेरावर होता पण त्यांनी बघितलं नाही. तेवीसला नदीवर गेले. पिंड ठेवला. कावळा लगेच आला असं मला सांगितलं, बायका जात नाहीत तिथं. सगळे म्हणाले, त्याची काही इच्छा राहिली नव्हती. ती का राहिली नव्हती ते मला माहीत होतं. यांना सांगितलं होतं की पावती सुनेकडे आहे.

तेरावं झाल्यावर ताई भेटायला वांगणीपर्यंत आल्या. जाताना मामंजींना म्हणाल्या, "आबा, बंद तर बंद, पण दोन वर्षं भरलेले पैसे तरी परत मागा. तेवढ्यात खोलीचं भाडं निघेल चार महिने." मामंजींना ते पटलं. मलाही पटलं. खोली सोडायला मालकानं जानेवारीपर्यंत मुदत दिली होती.

म्हणून आम्ही त्या जिन्यावरून वर गेलो. मी पहिल्यांदाच. मी कोणत्याच ऑफिसात गेले नव्हते, राशनच्या दुकानाशिवाय. मामंजींनी धुतलेली टोपी घातली होती. खिडकीमागे एक बाई होत्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, स्वेटर विणायच्या सुया टेबलाच्या कडेला ठेवलेल्या. आम्ही कागद आणि मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. त्यांनी माझं कपाळ बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बसा, बाबा. ताई, तुम्ही पण बसा."

त्यांनी मोठं रजिस्टर आणवलं, पान काढलं, दाखल्यावरची तारीख बघितली. मग म्हणाल्या, "नोव्हेंबरचा हप्ता आलेला नाही. मुदत दहा डिसेंबरला संपली. हे गेले चौदाला. पॉलिसी बंद पडल्यावर गेले, बाबा. क्लेम होत नाही."

"ते माहीत हाय आमाला," मामंजी म्हणाले. "आमी त्याच्यासाठी आलो नाय. पण बाय, दहा नाय. नऊ डिसेंबर."

"दहा."

"नऊ. मी मोजलंय."

मला त्यांच्या धोतराला धरून मागे ओढावंसं वाटलं. कशाला भांडतात, मला वाटलं, एका दिवसानं आता काय होणार? पण त्यांना ती चूक सहन होत नव्हती. बाईंच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, कोणी म्हातारं माणूस हट्टाला पेटलं की येतं तसं. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर आमच्याकडे फिरवलं आणि एक पान मागे उलटलं.

"हे बघा बाबा. हप्ता दहा नोव्हेंबरला. तो दिवस हप्त्याचा, तो सवलतीत मोजत नाहीत. सवलत दुसऱ्या दिवसापासून. अकराला एक." त्यांनी सुईच्या टोकानं घरं मोजली. अकरा, बारा, तेरा. नोव्हेंबर संपला तेव्हा वीस झाले होते. पान उलटलं. डिसेंबरच्या दहावर सुई थांबली. "तीस. दहाच्या रात्री बारा वाजेपर्यंत पॉलिसी चालू. दहाला खिडकीवर पैसे आले असते तर आम्ही घेतले असते, तेही वेळेतच. अहो, दहाला कोणी हप्ता न भरता गेलं असतं ना, तरी त्यांच्या माणसांना पैसे मिळाले असते, हप्ता तेवढा कापून घेतला असता."

मामंजी कॅलेंडरकडे बघत होते.

"धरत नाय पहिला दिवस?"

"नाही."

"का?"

बाईंना हा प्रश्न कोणी विचारला नसावा. "नियमच आहे तसा," त्या म्हणाल्या. "हप्त्याचा पूर्ण दिवस हप्त्यासाठी असतो, म्हणून."

"मी दहाला इथं होतो," मामंजी म्हणाले.

"कुठे?"

"खाली. जिन्याच्या खाली. पैसे होते कमरेला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. फरशीवर कोणाच्या तरी चपलेतून आलेला चिखल वाळला होता.

"मग वर का नाही आलात?" असं त्या म्हणाल्या, आणि लगेच, "राहू द्या, राहू द्या," असंही म्हणाल्या. मग त्या भराभर बोलायला लागल्या, आम्हाला काहीतरी देता यावं म्हणून. तीन वर्षं पूर्ण भरलेली असती तर हप्ता चुकल्यावरही सहा महिन्यांच्या आत विचार करता आला असता. ही दोनच वर्षांची. दोन वर्षांत भरलेल्याचं परत काही मिळत नाही. बंद पडल्यावर पुन्हा सुरू करता येते, पण माणूस धडधाकट आहे असं लिहून द्यावं लागतं. दवाखान्यात असलेला माणूस ते कसं लिहून देणार. त्या मोठ्या साहेबांकडेही जाऊन आल्या. साहेब बाहेर आले, मान हलवून आत गेले. ते वाईट माणूस वाटले नाहीत.

मामंजी हे ऐकत नव्हते. त्यांचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर होता. ते तिथून वर चढत नव्हते.

"बाय," ते म्हणाले, "मग माझ्या पोराचा दहावा बी चुकला काय?"

बाईंना कळेना काय म्हणतात. मला कळलं. मी पहिल्यांदा त्या ऑफिसात बोलले. म्हटलं, "नाही मामंजी. ते वेगळं. तिथं धरायचाच असतो."

"इथं नाय धरायचा आणि तिथं धरायचा?"

"हो."

"हे कोणी सांगायचं आमाला?"

परत येताना जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. पूर्वी धरत नसत.

जानेवारीत खोली सोडली. ताईंनी पितळी डबे बांधून दिले. मागची खिडकी होती तेवढीच राहिली, हातभर. मी मुलीला घेऊन वांगणीला आले, ज्या दारात उभं राहायचं नाही असं यांनी सांगितलं होतं त्या दारात. दिरांनी कधी वाईट शब्द काढला नाही. जाऊ काढायची, पण तीही रोज नाही. मला पडवीची एक बाजू दिली. पडवीत निजणारं माणूस घराच्या आत आहे की बाहेर हे मला कधी कळलं नाही. मुलगी सातवीपर्यंत शिकली. पुढची शाळा बदलापूरला, तिथं एकट्या मुलीला पाठवायला दीर तयार नव्हते आणि मला तोंड नव्हतं. ती आता माझ्यासारखीच घरात असते. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मी शिवणकाम करायला लागले. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सिंधी शेठकडून परकराचं कापड आणायचं, शिवून नेऊन द्यायचं. शेठ तोंडाळ पण मोकळा माणूस होता. एकदा मी गठ्ठा मोजून देत होते तेव्हा एक गिऱ्हाईक त्याच्याशी उधारीच्या मुदतीवरून वाद घालत होतं.

"अरे साईं," शेठ त्याला म्हणाला, "आज का दिन कौन गिनता है? आज तो तूने माल उठाया है. कल से गिन."

"पक्का?"

"पक्का क्या पूछता है, सारा बाजार ऐसे गिनता है. बच्चा बच्चा जानता है."

माझ्या हातातले परकर मी परत पहिल्यापासून मोजले. शेठ म्हणाला, "क्या हुआ बेटी, कम है क्या?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहेत. सगळा बाजार असा मोजतो, आणि तो बाजार त्या जिन्यापासून पाच मिनिटांवर. मी हे घरी येऊन मामंजींना सांगितलं नाही.

त्यांनी मोजणं सोडलं होतं. वाडीत कोणी गेलं आणि लोक अंगणात आले की ते आत निघून जायचे. पहिल्यांदा लोकांना वाटलं, मुलाचं दुःख आहे. मग एकदा वरच्या आळीतला एक जण आत येऊन म्हणाला, "आबा, तुमी नाय सांगणार तर कोण? दहावा कधी धरू?"

"कॅलेंडर बघ."

"कॅलेंडरात दहावे असतात काय?"

"मग तिला विचार," माझ्याकडे हात करून म्हणाले. "ती चार बुकं शिकलीय."

वाडीतल्या पुरुषमाणसासमोर मी कधी बोलले नव्हते. मी दाराआडूनच मोजून सांगितलं. तो गेल्यावर मामंजी माझ्याकडे वळले. मग विचारलं, "गेला तो दिवस धरलास?"

"धरला."

"नीट विचार करून धरलास?"

"हो."

त्यानंतर वाडीचे दहावे माझ्याकडे आले. कोणी मला त्याबद्दल काही म्हणालं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. मी प्रत्येक वेळी आधी धरून मोजते आणि मग एकदा सोडून मोजते, आणि मग धरून आलेला दिवस सांगते.

मामंजी पुढे बऱ्याच वर्षांनी अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं मीच करत होते, पडवीत शेजारीच. शेवटच्या पावसाळ्यात त्यांना बोलायला श्वास पुरत नसे. एक दिवस दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा हातानं बाजूला केला.

"पोरी, एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी मी बदलापूरला उतरलो. घरी आलो. तिथून निघालो असतो तसाच, मोजायला बसलोच नसतो, तर पोचलो असतो काय खिडकी बंद व्हायच्या आत?"

इतकी वर्षं त्यांनी हा विषय काढला नव्हता. मी पेजेत बघत राहिले. मला शनिवारची ती खाट आठवली आणि तिच्या कडीला धरलेले त्यांचे हात.

"नसता पोचलात," मी म्हटलं. "पैसे घ्यायची खिडकी लवकर बंद व्हायची. आणि रांग केवढी होती. तुम्ही बघितलीत ना, जिन्याच्या खालपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हातारपणी डोळ्यांवर पडदा आला होता, तरी बघितलं.

"रांग होती," ते म्हणाले.

"हो."

"मी नऊच्या गाडीनं उतरलो होतो गो," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं.

पेज थंड झाली. मी ती परत गरम केली नाही. ते त्याच आठवड्यात गेले. अंगणात माणसं जमली आणि सगळ्यांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं.